मृत घोषित सर्व्हर परत येतो तेव्हा

आमच्याकडे कर्जाच्या हप्त्याची आठवण देणारे एसएमएस ठरल्या वेळी पाठवण्याचे काम तीन सर्व्हरांत वाटलेले आहे. एक बंद पडला तर दुसऱ्याने त्याचे काम उचलावे, एवढीच साहेबांची माफक अपेक्षा आहे. पण सर्व्हर गेला, हे कळवायचे कोणी? गेलेला तर कळवत नाहीच. शिवाय मेमरीच्या झाडलोटीत, म्हणजे गार्बेज कलेक्शनमध्ये, अडकून निपचित पडलेला सर्व्हरही बाहेरून हुबेहूब गेल्यासारखाच दिसतो.

म्हणून कोणतेही काम कायमचे न देता 30 सेकंदांच्या लीजवर द्यायचे, आणि जिवंत सर्व्हरने ती दर 10 सेकंदांनी वाढवून घ्यायची, अशी व्यवस्था मी केली. मुदत मोजायची ती डेटाबेसच्या घड्याळाने, कारण सर्व्हरांच्या घड्याळांचे आपसात पटेलच असे नाही.

आता समजा, 'क' सर्व्हरने 9:00:00 वाजता काम उचलले आणि त्याला लगेच 40 सेकंदांची डुलकी लागली. 9:00:30 ला लीज संपली आणि 'ख'ने ते काम रीतसर ताब्यात घेतले. 9:00:40 ला 'क' जागा झाला, तो तेराव्याची पंगत बसलेली असताना दारात येऊन चहा मागणाऱ्या गृहस्थाच्या निर्विकारपणे. मधे वेळ गेला याचा त्याला पत्ताच नसतो. यासाठी प्रत्येक ताब्याला चढता क्रमांक देतात: 'क'ला 33, 'ख'ला 34. काम झाल्याची नोंद करताना क्रमांक जुळावा लागतो:

```
UPDATE jobs SET status = 'done'
WHERE id = 812 AND token = 33;
```

येथे शून्य ओळी बदलल्या की 'क'ने समजून घ्यावे.

डेटाबेसमधला तक्ता चुकीच्या नोंदीपासून बचावला, पण एसएमएसचे काय? 'क'ने तो पाठवून टाकलेला असू शकतो आणि 'ख'ही पाठवणारच. उपाय एकच: कामाचा क्रमांक आणि नियोजित वेळ मिळून एक किल्ली करायची, ती एसएमएससोबत पाठवायची आणि तीच किल्ली पुन्हा आली तर पुरवठादाराने दुसरा एसएमएस गाळायचा. त्याच्याकडे ही सोय नसेल, तर एसएमएस क्वचित दोनदा जावा की क्वचित जाऊच नये, यांतून निवड करावी लागते. मी ही निवड व्यवसाय विभागासमोर ठेवली, तेव्हा "अगदी एकदाच जावा" असे लेखी उत्तर आले.

ठरावीक अंतराने होणाऱ्या कामांचा ताप निराळाच. दर पाच मिनिटांचे काम तीन तास बंद राहिले, तर यंत्रणा उठल्यावर 36 फेऱ्या थकलेल्या असतात. शिल्लक तपासण्याच्या कामात शेवटची एकच फेरी पुरते. रोजच्या व्याजाच्या आकारणीत मात्र एकही दिवस गाळता येत नाही. त्यामुळे "चुकलेल्या फेऱ्यांचे काय करावे?" असा रकाना मी प्रत्येक कामापुढे ठेवला आहे, आणि बहुतेक विभागांनी त्यात "योग्य ते करावे" असे भरून दिले आहे.