२१ दिवस, टायमर आणि चार्जरची जागा

मोबाईलवर फिरणारा एक मेसेज: «रोज मोबाईल फक्त १ तास, असा टायमर लावा. २१ दिवस नेटाने पाळा, मेंदूला सवय लागते आणि मोबाईलचं वेड कायमचं सुटतं. मध्ये एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजा. करून बघा आणि १० जणांना पाठवा!»

२१ हा आकडा आला प्लास्टिक सर्जरीतून. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन सर्जननी १९६० साली आपल्या पुस्तकात एक निरीक्षण लिहिलं: शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस तरी लागतात. पुढे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना त्यातलं «किमान» गळालं, चेहराही गळाला आणि उरला तो नुसता आकडा. सवय लागायला किती दिवस लागतात हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. त्यांचा अभ्यास २०१० साली छापून आला. ९६ माणसांनी रोज ठरावीक वेळी करायची एकेक साधी गोष्ट निवडली. कुणी जेवणासोबत फळ खायचं ठरवलं, कुणी पाणी प्यायचं, कुणी थोडं धावायचं. ८४ दिवस नोंदी झाल्या. ती गोष्ट आपोआप घडायला लागण्याचा काळ कुणाच्या बाबतीत १८ दिवस निघाला, कुणाच्या बाबतीत २५४, आणि मधला आकडा ६६. २५४ हा अर्थातच नोंदींच्या कलावरून पुढे काढलेला अंदाज आहे, कारण अभ्यासच ८४ दिवसांचा होता.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हे सगळे आकडे नवी सवय लावण्याचे आहेत. मोबाईल खाली ठेवणं हा उलटा प्रवास आहे. जुनी सवय ज्या खुणेला चिकटलेली असते ती खूण, म्हणजे उशाशी पडलेला फोन, जागच्या जागी असेल तर २१ काय आणि ६६ काय, दिवस मोजून हाती काही लागत नाही.

आता टायमर. सगळी गडबड इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते. आयफोनवर अ‍ॅपची वेळ संपली की पडदा येतो आणि त्याच पडद्यावर `Ignore Limit` लिहिलेलं असतं. ते दाबलं की १५ मिनिटांनी आठवण हवी की आजच्यापुरती मर्यादाच नको, असं फोन विचारतो. अँड्रॉइडवर अ‍ॅपचा आयकॉन करडा होतो, पण सेटिंगमध्ये जाऊन टायमर काढायला काही सेकंद पुरतात. कुलूप आपण लावलं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवली, असा हा प्रकार. त्यातही निर्णय घ्यायचा तो रात्री अकराला, दिवसभराच्या थकव्यानंतर, अर्धवट बघितलेला व्हिडिओ समोर असताना. शिवाय दोन्हीकडे हा टायमर मध्यरात्री पुन्हा शून्यापासून सुरू होतो. पावणेबाराला ज्याची वेळ संपली त्याला पंधरा मिनिटांत नवा कोटा मिळतो. ज्या वेळी अडवायला हवं नेमकी त्याच वेळी ही सोय हात काढून घेते.

«रोज १ तास» हा आकडासुद्धा चुकीची गोष्ट मोजतो. माझा मावसभाऊ सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेबाला आहे. हळदीचे सौदे सुरू असले की भाव, पोती, पैसे आले की नाही, सगळं फोनवर. त्याच्या दिवसाच्या एकूण वेळेत निम्मं काम असतं. एकूण आकडा खाली आणायला निघाला तर आधी कामाचीच मिनिटं कापली जातील, कारण तीच सहज दिसतात. त्याचा त्रास होता रात्री दहानंतरचा. मोजायचं तर तेवढंच मोजायला हवं.

टिकणारी मर्यादा कशी असते याचा नमुना आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ साली १४ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव केला. ठरलं ते असं: रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद होतात, आणि ८:३० ला पुन्हा भोंगा वाजला की चालू करायची मोकळीक. सुरुवातीला काही पुरुषमंडळी हसली होती. या ठरावाची बांधणी बारकाईनं बघा. त्यात एकूण तासांचा हिशेब नाही, फक्त दिवसातला ठरलेला दीड तास आहे. थांबायची खूण फोनच्या बाहेरून येते. आणि शेजारचं घरही त्याच वेळी बंद असतं, त्यामुळे आपण काहीतरी चुकवतोय असं वाटत नाही. टायमरमध्ये या तीनपैकी एकही गोष्ट नाही.

शहरात भोंगा कोण वाजवणार, हा प्रश्न मावसभावानंही विचारला. मी त्याला म्हटलं, मेसेजमधलं करून बघायचंय ना, मग नीट करून बघ. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे वही मी आखून दिली.

मोजायचं एकच: रात्री १० नंतरची मिनिटं. दहाला फोनमधला आजचा एकूण वापर वहीत लिहायचा. सकाळी उठल्याबरोबर कालचा पूर्ण आकडा बघायचा आणि वजाबाकी करायची. मध्यरात्रीनंतरची मिनिटं नव्या दिवसात पडतात, ती सकाळच्या आकड्यातून घेऊन त्यात मिळवायची. हे विसरलं तर सर्वांत वाईट रात्र वहीत आहे त्यापेक्षा बरीच चांगली दिसते. आठवड्याचा एक आकडा काढताना सरासरी घ्यायची नाही. सातही आकडे चढत्या क्रमानं मांडून चौथा घ्यायचा, म्हणजे शनिवारची एक लांबलेली रात्र सगळं चित्र बिघडवत नाही.

पहिले दोन आठवडे काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. लोकांना हाच भाग फुकट वाटतो, पण दोन कारणांनी तो लागतो. एक म्हणजे नुसत्या लिहिण्यानंही वापर थोडा उतरतो, आणि तो उतार पुढच्या उपायाच्या नावावर जमा व्हायला नको. दुसरं असं की माणूस उपाय सुरू करतो तो फार वाईट गेलेल्या आठवड्यानंतर. तशा आठवड्यानंतरचा आठवडा बहुतेकदा काही न करताही बरा जातो. २१ दिवसांच्या मेसेजला «आम्हाला फरक पडला» म्हणणाऱ्या कितीतरी जणांचा फरक हाच असणार, असं माझं मत आहे.

त्याचे पहिले दोन चौथे आकडे ८५ आणि ८० आले. मग दोन आठवडे मेसेजप्रमाणे टायमर, पण फक्त रील्सच्या अ‍ॅपवर, अर्ध्या तासाचा. पहिल्या आठवड्यात आकडा ५० वर आला. तो खूश. «ताई, बघ की, लागला गुण.» दुसऱ्या आठवड्यात ७५. अ‍ॅपनिहाय यादी उघडली तर रील्स खरंच कमी झाल्या होत्या, पण यूट्यूब तेवढंच वाढलं होतं. एका अ‍ॅपला मर्यादा घालणाऱ्यानं ही यादी बघितलीच पाहिजे, नाहीतर वेळ एका घरातून दुसऱ्या घरात गेलेला कळतच नाही.

त्यानंतरचे दोन आठवडे टायमर काढला आणि एकच बदल केला: चार्जर झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघरात. दहाला फोन ओट्याशेजारी चार्जिंगला, रिंगटोनचा आवाज पूर्ण, म्हणजे गावाकडून आई-वडिलांचा फोन आला तर ऐकू येईल. गजरासाठी साधं घड्याळ आणलं. घड्याळाशिवाय हा बदल चार दिवसही टिकत नाही, «गजर लावायचाय» म्हणून फोन परत उशाशी येतो. आकडे आले ३० आणि २५. टीव्हीची वेळ वहिनीनं लिहिली होती, ती रोज साधारण १५ मिनिटांनी वाढली. म्हणजे निव्वळ कमाई दिसते त्यापेक्षा थोडी कमी, आणि ती तशीच धरायची.

इथे बहुतेक लोक थांबतात. पण खरा पुरावा पुढच्या पायरीत आहे: चार्जर एक आठवडा मुद्दाम परत खोलीत न्यायचा. त्याला हे अजिबात पटेना, चांगलं चाललेलं कशाला मोडायचं म्हणून. नेला, आणि आकडा ७० वर गेला. पुन्हा स्वयंपाकघरात ठेवला आणि आकडा २५ वर आला. बदल लावला की उतरतो, काढला की चढतो, असं दोन्ही बाजूंनी दिसलं की कामाचा ताण किंवा नुसता योगायोग यांच्यावर बोट ठेवायला फारशी जागा उरत नाही. परत नेल्यावर आकडा २५ वरच राहिला असता, तर उतरण्याचं कारण चार्जर नाही, दुसरं काहीतरी आहे, असं म्हणावं लागलं असतं. हा सगळा खटाटोप मार्चमध्ये करायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. वर्षअखेरीच्या हिशेबात त्याच्या रात्रीच वेगळ्या असतात. आणि हे उत्तर त्याच्यापुरतं आहे. जिचा त्रास दुपारी मुलं शाळेत गेल्यावरचा असेल तिला चार्जरची जागा बदलून काही मिळणार नाही. तिची वेळ वेगळी, खूण वेगळी, वही वेगळी.

राहिली चुकलेल्या दिवसाची शिक्षा. लॅलींच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्याच्या वाटचालीत म्हणावा असा फरक पडला नव्हता. पुन्हा एकपासून मोजायच्या नियमानं मात्र नुकसान होतं: बाराव्या दिवशी चुकलेल्याला सगळं वाया गेल्यासारखं वाटतं आणि तो त्या रात्री दोन वाजेपर्यंत फोन बघतो. मावसभावाच्या दोन रात्री मिरजेतल्या लग्नघरी गेल्या. प्रवास, आजारपण आणि घरचं कार्य या रात्री वेगळ्या खुणेनं लिहायच्या आणि आठवड्याचा आकडा काढताना बाजूला ठेवून उरलेल्यांतला मधला घ्यायचा, असं सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं. नंतर ठरवलं असतं तर प्रत्येक वाईट रात्र «घरचं कार्य» झाली असती.

«कायमचं» या दाव्यासाठी तीन महिन्यांनी पुन्हा एक आठवडा मोजायला सांगितलं होतं. आकडा ५५ आला. दिवाळीत पाहुण्यांसाठी स्वयंपाकघरातला प्लग लागला, चार्जर खोलीत गेला आणि तिथेच राहिला. त्यानं ओट्याशेजारी दुसरा प्लग बसवून घेतला. पुढची मोजणी सौद्यांची गर्दी ओसरल्यावर.