आरएसी आणि अबोला

नवराबायकोचा अबोला चालू असेल तर घरात तो निभतो, कारण घरात खोल्या असतात. आमचाही बरेच आठवडे मस्त चालला होता, मुलगा मध्ये पोस्टमन, "बाबांना सांग गॅस बुक करा," "आईला सांग केला." पण माझ्या मावसबहिणीचं लग्न निघालं गोंदियाला, पोरगा आजीकडे राहिला आणि आम्हा दोघांना महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये मिळाली आरएसी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आरएसी म्हणजे पूर्ण भाडं भरून अर्धी जागा. साइड लोअरच्या एका बर्थवर दोन माणसं, समोरासमोर तोंड करून, आणि गाडी कोल्हापूरहून दुपारी निघते ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला टेकते, तेराशेपेक्षा जास्त किलोमीटर आणि सगळी एकाच राज्यात! तेवढा वेळ खिडकीबाहेर बघून मान आखडते हो.

मिरज, सांगली, कराड, एक शब्द नाही. साताऱ्यानंतर मी डबा उघडला आणि धपाटे मधोमध ठेवले, यांनी न बोलता खाल्ले. खरी पंचाईत पुण्यानंतर झाली. लाइट गेले, दोन सीट पाडून एक बर्थ केला, आता पाय कुठे ठेवायचे ते ठरवायला बोलावंच लागतं ना. यांचं पाऊल माझ्या कानाशी आलं तेव्हा मी म्हटलं, "आधी मोजे बदला."

"नागपूरची बदली मी नाकारली म्हणून तू बोलत नाहीस ना?"

मोज्यांवरून डायरेक्ट नागपूर! मी म्हटलं हो, आणि ते मला ऑफिसातल्या वहिनींकडून कळलं.

मग हे उठून बसले आणि पहिल्यांदा नीट बोलले, की तुझे शिवणक्लास इथे आत्ता कुठे जमलेत ते मोडायचे का, आणि खरं सांगू का, तुझं माहेर तासाभरावर नको होतं मला, तुझ्या घरी जावईबापू म्हणून दिवसभर इस्त्रीच्या शर्टात बसावं लागतं.

"मलाही जायचं नव्हतं नागपूरला," मी म्हटलं.

"मग एवढे दिवस तोंड फुगवून?"

"मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. ते नाही म्हणायचा चान्सच दिला नाहीत तुम्ही."

यावर वरच्या बर्थवरचे काका खोकले. ते जागे होते, बहुतेक अख्खा डबा जागा होता.

तेवढ्यात टीसी आले, म्हणे मागच्या डब्यात एक बर्थ रिकामा आहे, कोण जातंय? आम्ही दोघं एकदम म्हणालो, "थांबा जरा, बोलतोय." टीसींनी आमच्याकडे अशा नजरेने बघितलं की आरएसीवाल्याने बर्थ नाकारलेला त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच बघत असावेत, आणि तो बर्थ पुढच्या एका आजोबांना देऊन टाकला.

सकाळी पाठीचा पार भुगा झाला होता, आणि अकोला येईपर्यंत आहेरात पाकीट द्यायचं की पैठणी यावरून आमचं पुन्हा जुंपलं, पण आवाज काढून.