फोटोतल्या कपड्यांवर लिहा, घालणारीवर नको

‘साडीवर पुरुषी शर्ट आणि पायात बूट घालून बाईंनी माहेश्वरीची पार वाट लावली आहे. मुळात उंची बेताची, त्यात साडी आखूड, कंबर जाड, त्यामुळे अगदी ध्यान दिसतंय. सगळा खटाटोप लोकांनी वळून बघावं म्हणून.’

आमच्या शिवण-डिझाइनच्या वर्गातल्या एका मुलीने रस्त्यावरच्या फोटोचं परीक्षण म्हणून हे लिहून आणलं. मुलगी हुशार आहे, कापडाची जाणही आहे. फोटो आपल्या इंदूरच्या राजवाड्यासमोरचा, दिवेलागणीचा. जांभळट माहेश्वरी नेसलेल्या एक बाई चालताहेत. ब्लाउजच्या जागी चौकड्यांचा सैल सुती शर्ट, साडी घोट्याच्या बरीच वर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, एक हात वर करून खांद्यावरची पिशवी सावरलेली. फोटो त्यांना विचारूनच काढलेला.

माझी तक्रार परिच्छेद तिखट असल्याची नाही. तिखट लिहावंच. तक्रार ही की तीन वाक्यांत कपड्याबद्दल कामाची एकही गोष्ट कळत नाही, आणि बाईंबद्दल जे कळतं त्यातलं बरंचसं खोटं आहे.

उंचीचंच घ्या. फोटो मोबाइलवर, उभ्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांसमोर धरून, जेमतेम दीड मीटरवरून काढलाय. अशा वेळी बाईंचा चेहरा कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर असतो आणि पाय, तिरकं मोजलं तर, दोन मीटरच्याही पुढे. जे लांब ते लहान दिसणार. म्हणजे डोकं मोठं, पाय तोकडे, आणि पाचसव्वापाच फुटांची बाईही बुटकी. हेच कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरून, तीन-चार मीटर मागे जाऊन, थोडं झूम करून काढलं असतं तर माणूस प्रमाणात आला असता. त्यात त्या चौकटीच्या अगदी डाव्या कडेला आहेत. मोबाइलचं रुंद भिंग कडेची माणसं आडवी ताणतं. ज्याला आपण ‘जाडी’ म्हणतोय त्यातला काही भाग असा भिंगाने दिलेला. राजवाड्याचे खांब तिरके दिसतात तेही कॅमेऱ्यामुळेच, मोबाइल खाली झुकवल्याने, पण खांबांना कोणी ध्यान म्हणत नाही.

आता कंबर. मला सगळ्यात रस इथे वाटला, कारण इथे खरोखर कपड्याची चूक आहे आणि ती नेमकी निसटली. साडीचा पन्हा साधारण 46 इंच. साडी चार-पाच इंच वर नेसायची तर तेवढं कापड कुठे तरी जायला हवं, ते वर खोचलं जातं किंवा दुमडलं जातं. त्याखाली शर्टाचा घेर खोचलेला, त्यावर निऱ्या. कमरेपाशी कापडाचे किती थर झाले मोजून बघा. फोटो मोठा करून बघितला तर फुगवटा कमरेभोवती सारखा नाही. निऱ्या खोचल्यात तिथे जास्त आहे, बाजूंकडे कमी होत जातो. शरीराची गोलाई अशी एकाच ठिकाणी उठत नाही, थर उठतात. शर्ट न खोचता खालून गाठ मारली असती, किंवा त्याचा घेर कापून आखूड केला असता, तर मोठा फरक पडला असता. हे लिहिलं की वाचणाऱ्या शिंपिणीला काही हाती लागतं. ‘कंबर जाड’ने काय लागतं?

उलट काही गोष्टींवर गप्प बसणंच प्रामाणिक. शर्टाच्या काखेतून छातीकडे तिरक्या चुण्या गेल्यात. मुंढा घट्ट असला की अशाच चुण्या पडतात, पण हात वर केला की चांगल्या मापाच्या शर्टालाही पडतात. हात वर आहे, तेव्हा मुंढ्याचा निकाल या फोटोवरून लागत नाही. खांद्याची शिवण मात्र दोन बोटं खाली उतरलीय. तसंच लिहावं, ‘खांदे अरुंद’ लिहू नये. शिवण मुद्दाम उतरवलेली असू शकते, सैल शर्टात तशी कटिंग करतातच.

रंगाचंही तेच. वर्गात निम्म्या मुलींनी साडी ‘मळकट तपकिरी’ म्हटली. फोटोत पांढरं काय आहे ते आधी बघा: बूट. ते लोण्यासारखे पिवळे दिसताहेत, म्हणजे दुकानांच्या पिवळ्या दिव्यांचा रंग सगळ्यावर चढलाय. जांभळ्यावर पिवळा चढला की तपकिरी होणारच. रंगसंगतीवर ठाम मत द्यायचं तर दिवसाचा फोटो हवा.

आणि ‘लोकांनी बघावं म्हणून’. हे फोटोत कुठे दिसतं? कदाचित त्यांची टाच दुखत असेल, कदाचित पोह्यांपासून क्लॉथ मार्केटपर्यंत पायी फिरायचं असेल, कदाचित हौस असेल. आपल्याला ठाऊक नाही, आणि कापडाचं परीक्षण करायला ते लागतही नाही.

बिल कनिंगहॅम न्यूयॉर्क टाइम्ससाठी 1978 पासून 2016 मध्ये जाईपर्यंत सायकलवरून रस्त्यावरची माणसं टिपत राहिले. त्याआधी ते विमेन्स वेअर डेली या पत्रासाठी काम करत. तेच कपडे मॉडेलच्या अंगावर आणि साध्या बायकांच्या अंगावर कसे दिसतात हे त्यांनी फोटोंतून मांडलं होतं. संपादकांनी मजकूर बदलून त्या बायकांची चेष्टा केली, आणि हे गृहस्थ ते काम सोडून निघून गेले. फोटो तेच होते, खालची ओळ बदलली. म्हणून मी फोटोखालच्या ओळीबद्दल एवढी चिकट आहे.

‘मग टीका उरली कुठे, ताई?’ असं त्या मुलीने विचारलंच. मी फळ्यावर लिहिलं ते असं:

‘हलकी माहेश्वरी आणि सैल सुती शर्ट ही जोडी चालायला सोयीची आहे, साडी वर घेतल्यामुळे काठ धुळीपासून वाचतो आणि बुटांवर नीट उठून दिसतो. मात्र शर्ट आत खोचल्याने निऱ्यांपाशी थर साचून फुगवटा आला आहे. शर्टाचा मोठा चौकडा आणि काठावरची बारीक चटईची नक्षी एकमेकांशी भांडतात. साध्या एकरंगी शर्टाने काठाला जास्त वाव दिला असता. पदराचे पट्टे, म्हणजे माहेश्वरीची ओळख, पिशवीच्या बंदाखाली चुरगळून गेले आहेत. फोटो जवळून आणि वरून घेतल्याने शरीराचं प्रमाण बिघडलं आहे, पिवळ्या प्रकाशात साडीचा खरा रंग कळत नाही, आणि हात वर असल्याने शर्टाच्या मापाबद्दल बोलता येत नाही.’

मोजाल तर दोष जास्त आहेत, कौतुक कमी. पण हेच त्या बाईंना वाचून दाखवलं तर त्या फार तर शर्टावरून वाद घालतील.

पट्ट्यांवरून मात्र वर्गात माझं कोणी ऐकलं नाही. माहेश्वरीच्या पदराला परंपरेने पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे. विणकराने तिथे जीव ओतलेला असतो, ते पिशवीखाली दडपणं मला दोषच वाटतो. ती मुलगी म्हणाली, ‘ताई, बाजारात पिशवी खांद्यावरच येणार, तो दोष साडीच्या जाहिरातीत धरा, रस्त्यावरच्या फोटोत नाही.’ मी पट्ट्यांचं वाक्य परिच्छेदात ठेवलंय, तिने तिच्या वहीत खोडलंय.