'पर्यंत' कुठे गेलं?

"चांगला सारांश हाताशी असला की मूळ कागद पुन्हा उघडावा लागत नाही."

दादरच्या आमच्या सोसायटीत सेक्रेटरी होतो, म्हणून हे अजिबात पटलं नाही. सभेच्या इतिवृत्तात ठराव होता, 'स्ट्रक्चरल ऑडिटरने सुचवल्यास गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर ४ लाखांपर्यंत खर्च करावा.' व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सारांशात त्याचं झालं 'वॉटरप्रूफिंगला ४ लाखांपर्यंत मंजुरी'. अट गेली. पुढच्या वर्षीचं टिपण त्या मेसेजवरून झालं, 'वॉटरप्रूफिंग: ४ लाख मंजूर'. आता 'पर्यंत'ही गेलं. शेवटी कंत्राटदाराला माझ्याच तोंडून निघालं, "चार लाखांचं काम ठरलंय." (त्याचं कोटेशन किती आलं असेल, सांगायला नको.) खोटं कुणीच लिहिलं नव्हतं, प्रत्येकाने आधीची ओळ थोडी आखूड केली इतकंच. आणि आकडा शेवटपर्यंत शाबूत राहिल्यामुळे कुणाला शंकाही आली नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मिनिट्स बुक मागितलं तेव्हा ऑडिट झालंच नसल्याचं कळलं. तेव्हापासून मी सारांशाचा सारांश करत नाही, दरवेळी मूळ इतिवृत्तच समोर घेतो आणि ठराव क्रमांक सोबत लिहितो. पडताळताना आकड्यांआधी 'तर', 'पर्यंत', 'वगळून' हे शब्द शोधतो. गळतात ते हेच.