यील्डच्या निम्म्या ताणावर तुटलेला भाग

«पार्ट तुटला म्हणजे एकतर ताण यील्डच्या वर गेला होता, नाहीतर माल खोटा होता. ताण यील्डच्या निम्म्यावर ठेवा, कधीच तुटणार नाही. तरी भीती वाटत असेल तर जास्त स्ट्रेंथचं स्टील घ्या. टेन्साइल रिपोर्ट पास आहे आणि तपासणीत क्रॅक दिसला नाही, मग क्रॅकचा विचार करायचं कारणच काय?»

नेहमी ऐकू येणाऱ्या या सल्ल्याच्या चार वाक्यांपैकी पहिलं वाक्य बऱ्याच जणांच्या अनुभवाला पटतं, आणि त्याला कारण आहे. साध्या मऊ स्टीलचा भाग नेहमीच्या तापमानाला जास्त भाराखाली गेला तर आधी वाकतो, ताणला जातो, आपल्याला इशारा देतो. यील्ड म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण. साधारण २५० मेगापास्कल यील्ड असलेल्या अशा स्टीलमध्ये भेगेमुळे यील्डच्या आधी तुटायचं, तर भेग काही सेंटिमीटर खोल लागते. एवढी भेग डोळ्यांनाच दिसेल. त्यामुळे आयुष्यभर असंच स्टील हाताळलेल्या माणसाला यील्ड हीच शेवटची मर्यादा वाटली, तर त्यात नवल नाही. चूक होते ती हा अनुभव कडक, उच्च स्ट्रेंथच्या धातूला लावताना.

यील्ड आणि तुटणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. यील्ड विचारतो की सबंध छेदात धातूचे थर एकमेकांवरून सरकायला लागतील का. तिथे सरासरी ताण महत्त्वाचा, एखादी बारीक भेग असली-नसली तरी उत्तर फारसं बदलत नाही. भेग पुढे पळेल का, हा प्रश्न मात्र भेगेच्या टोकापाशी ठरतो. १९१३ मध्ये इंग्लिसने लंबवर्तुळाकार छिद्राभोवतीचा ताण काढून दाखवला होता: छिद्र जितकं लांब आणि टोक जितकं टोकदार, तितका टोकावरचा ताण जास्त. हे गणित शेवटपर्यंत ताणलं तर टोक पूर्ण तीक्ष्ण झाल्यावर ताण अनंत होतो, म्हणजे भेग असलेली कुठलीही वस्तू नुसत्या स्पर्शाने तुटली पाहिजे. तसं होत नाही. म्हणून «स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन फॅक्टर धरला की भागलं» हा सल्लाही इथे कामाचा नाही. खाचेला तो चालतो, भेगेला नाही.

ही कोंडी १९२०-२१ मध्ये ग्रिफिथने काचेवर काम करताना फोडली. त्याने ताण बाजूला ठेवून ऊर्जेचा हिशेब मांडला. भेग वाढली की आजूबाजूच्या ताणलेल्या पदार्थात साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि ही बचत भेगेच्या लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढते. नवा पृष्ठभाग तयार करायचा खर्च मात्र लांबीच्या पटीतच वाढतो. छोट्या भेगेत खर्च भारी पडतो. एका ठरावीक लांबीनंतर बचत भारी पडते आणि भेग स्वतःच्या बळावर धावते. धातूंत खर्चाचा मोठा वाटा नव्या पृष्ठभागावर नव्हे, तर टोकाजवळचा धातू थोडासा वाकवण्यात जातो. हे लक्षात घेऊन १९५७ मध्ये अर्विनने सगळा हिशेब एका राशीत बसवला:

```
K = Y · σ · √(π · a)
```

σ म्हणजे भागावरचा ताण आणि a म्हणजे भेगेची खोली. Y हा भेगेच्या आकाराचा गुणक असतो. पृष्ठभागावरच्या लांब, उथळ भेगेसाठी तो सुमारे १.१२ धरतात. K जेव्हा धातूच्या फ्रॅक्चर टफनेसएवढा, म्हणजे भेगेला रोखून धरण्याच्या त्याच्या मर्यादेएवढा, होतो तेव्हा भाग तुटतो. या समीकरणात यील्ड कुठेच नाही, हे एकदा नीट पाहून घ्या.

आता जास्त स्ट्रेंथचं स्टील घेण्याचा सल्ला. चौघांत सर्वांत धोकादायक हाच, कारण तो सावधगिरीच्या वेषात येतो. उदाहरणासाठी ४३४० हे निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं स्टील घेऊ. एकाच हीटचे दोन तुकडे, दोन्ही क्वेंच केलेले, म्हणजे तापवून झटकन थंड केलेले, फरक फक्त त्यानंतर पुन्हा तापवण्याच्या, म्हणजे टेम्परिंगच्या, तापमानाचा. २६० अंश सेल्सिअसला टेम्पर केलेल्याची यील्ड साधारण १६४० मेगापास्कल आणि टफनेस ५० मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर. ४२५ अंशांना टेम्पर केलेल्याची यील्ड १४२० वर उतरते, पण टफनेस ८७ च्या वर जाते.

दोन्हींवर ७०० मेगापास्कल ताण येणार आहे असं धरा. यील्डच्या हिशेबाने पहिल्याचा सुरक्षा गुणांक २.३ आणि दुसऱ्याचा २.०. कागदावर पहिला सरस. आता वरच्या समीकरणातून विचारा, किती खोल भेग या ताणाला भाग तोडेल? पहिल्यात सुमारे १.३ मिलिमीटर, दुसऱ्यात जवळपास ४. म्हणजे ज्या तुकड्याची ताकद पंधरा टक्क्यांनी जास्त म्हणून आपण निवड केली, तो दुसऱ्याच्या एक तृतीयांश भेगही सहन करत नाही.

हेच उलट बाजूने पाहू. समजा ग्राइंडिंगमध्ये किंवा क्वेंचिंगमध्ये पृष्ठभागावर दोन मिलिमीटर खोल भेग राहून गेली. कडक तुकडा साधारण ५६० मेगापास्कललाच तुटेल, म्हणजे आपल्या यील्डच्या ३४ टक्क्यांवर. ७०० च्या कामाच्या ताणापर्यंत तो पोचणारच नाही. मवाळ तुकडा हीच भेग घेऊन ९८० च्या आसपास टिकेल. «यील्डच्या निम्म्यावर ठेवा» या दुसऱ्या वाक्याचा निकालही इथेच लागतो: निम्मा पुरेसा आहे की नाही, हे भेग किती मोठी आहे ते कळल्याशिवाय सांगता येत नाही.

एक उपयोगी आकडा प्रत्येक स्टीलसाठी काढून ठेवावा: कुठल्या खोलीच्या भेगेला तुटण्याचा ताण आणि यील्ड सारखे येतात. त्याहून लहान भेग असेल तर यील्ड आधी, मोठी असेल तर तुटणं आधी. कडक तुकड्यासाठी हे उत्तर सुमारे ०.२४ मिलिमीटर येतं, मवाळसाठी जवळपास १. पाव मिलिमीटर ही खोली चुकीच्या ग्राइंडिंगने सहज पडू शकते. (हे सगळे आकडे जाड भागांसाठी आहेत. पहिल्या तुकड्याला अडीच मिलिमीटर आणि दुसऱ्याला सुमारे दहा मिलिमीटर जाडी असेल तरच पुस्तकातली टफनेस लागू होते. पातळ पत्र्यात धातूला बाजूंनी आकुंचन पावायला जागा मिळते आणि तो जास्त चिवट वागतो.)

टेन्साइल रिपोर्टबद्दल थोडक्यात. टेन्साइलचा नमुना गुळगुळीत असतो, मुद्दाम निर्दोष बनवलेला. भेग असताना धातू कसा वागेल हे तो विचारतच नाही, मग सांगणार कुठून? त्यासाठी नमुन्यात खाच पाडून, फटीगने, म्हणजे भार पुन्हा पुन्हा देऊन, तिच्या टोकाला खरी तीक्ष्ण भेग वाढवून, मग तो तोडावा लागतो. तापमानही महत्त्वाचं. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या बंदरात शांत पाण्यात उभं असलेलं शेनेक्टडी हे नवं टँकर जहाज जवळपास मधोमध तुटलं. डेकवरचा ताण हिशेबाने ७० मेगापास्कलच्या आसपास होता, म्हणजे त्या साध्या स्टीलच्या यील्डच्या बराच खाली. नेहमीच्या तापमानाला मऊ वागणारं स्टील थंडीत ठिसूळ झालं आणि वेल्डिंगच्या जोडांनी भेगेला सुरुवात करून दिली. सुरुवातीला म्हटलेला मऊ स्टीलचा अनुभव «नेहमीच्या तापमानाला» या अटीवर का उभा आहे, ते इथे कळतं.

उरला «क्रॅक दिसला नाही» हा मुद्दा. दिसला नाही आणि नाही, यात जे अंतर आहे त्याचं माप तपासणीच्या पद्धतीवर ठरतं. १९६५ मध्ये अमेरिकेत २६० इंच व्यासाच्या रॉकेट मोटरचं, मॅरेजिंग नावाच्या उच्च स्ट्रेंथच्या स्टीलचं कवच पाण्याच्या दाबाने तपासलं जात होतं. ठरलेल्या प्रूफ दाबाच्या निम्म्याहून थोडा जास्त दाब झाला आणि कवच फुटलं. सुरुवात झाली होती वेल्डच्या शेजारच्या उष्णताबाधित पट्ट्यातल्या एका दोषातून, जो आधीच्या तपासणीत निसटला होता. म्हणून तपासनिसाला «क्रॅक आहे का» असं विचारू नये. «तुमच्या पद्धतीतून खात्रीने न निसटणारी सर्वांत लहान भेग केवढी» असं विचारावं. उत्तर दोन मिलिमीटर आलं, तर आपला कडक ४३४० चा तुकडा ७०० मेगापास्कलला वापरता येत नाही, त्याचा रिपोर्ट कितीही स्वच्छ असो. मवाळ तुकडा वापरता येतो.

माल खोटा होता की भेगेने घात केला, हे तुटलेल्या तुकड्यावरून बऱ्याचदा वाचता येतं. यील्ड होऊन तुटलेला भाग मान काढतो, बारीक होतो. भेगेने तुटलेल्याचे दोन तुकडे जवळपास मूळ मापाचेच राहतात, जोडले तर एकमेकांत बसतात, आणि तुटीचा पृष्ठभाग ताणाला काटकोनात, सपाट असतो. त्यावरच्या बाणासारख्या रेघा उगमाकडे बोट दाखवतात. उगमाशी एखादा काळसर, गंजलेला किंवा उष्णतेने रंग बदललेला छोटा डाग सापडला, तर ती जुनी भेग. डागाची खोली मोजा आणि समीकरणात घाला. येणारा ताण त्या वेळच्या भाराशी जुळला, तर मालाला दोष देण्याआधी निवड कोणी केली ते विचारावं लागतं.

तपासणी पुरेशी बारीक नसेल आणि कडक स्टीलच वापरायचं असेल, तर प्रूफ लोड हा एक प्रामाणिक मार्ग आहे. ४३४० चा तोच कडक तुकडा एकदा ९०० मेगापास्कलला नेला आणि तुटला नाही, तर त्यात ०.७८ मिलिमीटरहून खोल अशी भेग नाही, हे त्यानेच दाखवून दिलं. ७०० ला घातक खोली १.३ मिलिमीटर. मधला अर्धा मिलिमीटर हे फटीगने किंवा गंजाने भेग वाढायला उरलेलं भांडवल. तो अर्धा मिलिमीटर किती फेऱ्यांत संपतो ते काढायचं आणि त्याच्या बरंच आधी पुन्हा प्रूफ लोड द्यायचा. वातावरणात हायड्रोजन असेल तर मात्र फेऱ्या मोजून उपयोग नाही. अशा कडक स्टीलमध्ये भार स्थिर असतानाही भेग सरकत राहते.