नॉर्मल ईसीजी आणि हार्ट अटॅक : एक खुलासा

‘ईसीजी नॉर्मल आला म्हणजे अटॅक नाही, आणि अटॅक असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लगेच घ्यावे.’ (पुण्यातील सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा संदेश)

यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत. स्टेमी या प्रकारच्या अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बहुधा पूर्ण बंद होते आणि ईसीजीत एसटी भाग वर उचललेला दिसतो. तेथे तातडीची अँजिओप्लास्टी हाच पहिला पर्याय असून, ती 120 मिनिटांत शक्य नसेल तरच, दुखणे सुरू होऊन 12 तास उलटले नसल्यास, हे इंजेक्शन देतात. एन-स्टेमी या दुसऱ्या प्रकारात वाहिनी बहुधा अर्धवट अडते. एसटी खाली गेलेला दिसतो, टी लाट उलटी होते किंवा ईसीजी चक्क नॉर्मल असतो.

समजा, कोथरूडमधील साठीच्या मधुमेही गृहस्थांच्या छातीवर दाब येऊन घाम सुटला आणि पहिला ईसीजी नॉर्मल निघाला. अशा वेळी घरी पाठवणे धोक्याचे आहे. ईसीजी पुन्हा काढला, त्यातही बदल नव्हता. मात्र हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन हे प्रथिन पहिल्या तपासणीत किंचित वाढलेले होते, ते तीन तासांत कित्येक पटींनी चढले, म्हणजे हा एन-स्टेमी. त्यांना गुठळी वाढू न देणारी ॲस्पिरिन व हेपारिन ही औषधे देऊन साधारण 24 तासांत अँजिओग्राफी करतात. दुखणे थांबत नसेल किंवा रक्तदाब कोसळत असेल तर दोन तासांत. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनाचा येथे फायदा नाही, मेंदूत रक्तस्रावाचा धोका मात्र आहे.