उकळलेलं पाणी आणि बाळाची बाटली: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "आम्ही पिढ्यानपिढ्या याच विहिरीचं पाणी पितोय, कुणाला काही झालं नाही. बाळाच्या दुधासाठी तर पाणी वीस मिनिटं उकळतो. नायट्रेटच्या नावाने आयांना उगाच घाबरवू नका."

उकळण्याने जंतू मरतात, म्हणून ते सोडू नका असंच मी सांगेन. पण नायट्रेट हा पाण्यात विरघळलेला क्षार आहे. वाफ उडून जाते आणि तो भांड्यातच राहतो. समजा, विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ८० मिलिग्रॅम नायट्रेट आहे. एक लिटर पाणी उकळून ८०० मिलिलिटर उरलं, की तेच प्रमाण १०० होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे.

आता पाच किलोचं बाळ घ्या. दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर पाणी त्याच्या बाटलीत जातं, म्हणजे ७५ मिलिग्रॅम नायट्रेट, किलोमागे १५. तुम्ही साठ किलोचे असाल आणि तेच पाणी न उकळता दोन लिटर प्यालात, तर किलोमागे तीनसुद्धा होत नाही. त्यात लहान बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं. तिथे वाढणारे जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटमुळे हिमोग्लोबिन बदलून प्राणवायू वाहून नेईनासं होतं. बिघडलेलं हिमोग्लोबिन पूर्ववत करणारं एन्झाइम पहिल्या काही महिन्यांत मोठ्यांच्या जेमतेम निम्मं असतं. म्हणून घरातले सगळे ठणठणीत असताना एकटं बाळ निळं पडू शकतं. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात डॉ. हंटर कॉमली यांनी हेच नोंदवलं होतं: विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिणारी बाळं.

तुमचं एक म्हणणं मान्य. असं पाणी पिणारं प्रत्येक बाळ आजारी पडत नाही, आणि जुलाब झालेल्या बाळाला धोका जास्त असतो. पण कुठल्या बाळाला होईल हे आधी कळत नाही, म्हणून मी सांगत राहणार.

पाणी तपासून घ्या आणि अहवाल नीट वाचा. काही प्रयोगशाळा 'नायट्रेट-नायट्रोजन' लिहितात, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन. तिथे १८ दिसलं, तर ५० च्या आत आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. ४.४ ने गुणा, ते ८० च्या आसपास येतं. साधा फिल्टर, क्लोरीन किंवा यूव्ही यांनी नायट्रेट जात नाही. आरओने कमी होतं, पण आरओनंतरचं पाणीही पुन्हा तपासा. तोवर बाटलीसाठी कमी नायट्रेटचं दुसरं पाणी वापरा. अंगावरचं दूध चालू असेल तर ते थांबवू नका, आईने हे पाणी प्यालं तरी नायट्रेट दुधात फारसं उतरत नाही.

ओठ, नखं राखाडी-निळी दिसली, तर बाळ दमलेलं वाटत नसलं तरी ताबडतोब रुग्णालयात न्या आणि विहिरीचं पाणी वापरतो हे स्वतःहून सांगा. ऑक्सिजन लावूनही रंग सुधारत नाही आणि रक्त चॉकलेटी दिसतं, ही याची खूण आहे. मिथिलीन ब्लू हे औषध त्यावर आहे, पण ते डॉक्टरांनीच द्यायचं असतं, आणि पाण्याची गोष्ट कळली तर त्यांना निदानापर्यंत लवकर पोचता येतं.